पुलातला त्रिकोण

कागदावर चार बिंदू घ्या. डावीकडे क, उजवीकडे ख, वर ग आणि खाली घ. क ते ग २० ओहमचा रोध, क ते घ ३० ओहमचा. पलीकडच्या बाजूला ग ते ख २० ओहम आणि घ ते ख ५ ओहम. शेवटी ग आणि घ यांना जोडणारा मधला रोध, ५० ओहमचा. बॅटरी क आणि ख यांना लावायची आहे. तिला हे सगळं जाळं मिळून किती ओहमचं भासेल?

ही आकृती बारावीच्या पुस्तकात व्हीटस्टनचा पूल म्हणून भेटलेली असते. तिथे चारही बाजू अशा निवडलेल्या असतात की ग आणि घ यांचं विभव सारखं राहतं आणि मधल्या रोधातून काहीच वाहत नाही. मग तो पुसून टाकायचा, वरची वाट आणि खालची वाट समांतर धरायची, आणि उत्तर दोन ओळींत येतं. आपल्या पुलात ही सोय नाही. वरच्या वाटेत २० आणि २० असे रोध आहेत, म्हणजे ग बरोबर मधोमध. खालची वाट तशी व्हायला ३० च्या पुढे ३० हवे होते, तिथे आहेत ५. पूल असंतुलित आहे आणि मधला रोध कामाला लागलेला आहे.

तरीही तो पुसला तर काय होईल? वरची वाट ४० ओहम, खालची ३५, आणि दोन्ही समांतर जोडल्यावर १८.६७. हे उत्तर चुकीचं आहे, पण हा आकडा जपून ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

खरी अडचण अशी की या पाचांपैकी कुठलेही दोन रोध ना एकसर आहेत ना समांतर. एकसर म्हणायचं तर एकातला सगळा प्रवाह जसाच्या तसा दुसऱ्यात जायला हवा. इथे ग पाशी आणि घ पाशी तिसरी वाट फुटते. समांतर म्हणायचं तर दोघांची दोन्ही टोकं एकच हवीत, तशी जोडीही इथे नाही. शाळेत शिकलेली दोन्ही सूत्रं हातात आहेत आणि ती लावायला जागा नाही.

आता डावीकडचा भाग वेगळा पाहा. क, ग आणि घ यांच्यामध्ये तीन रोधांचा एक बंद त्रिकोण आहे: २०, ३० आणि ५०. अशा त्रिकोणी जोडणीला डेल्टा म्हणतात. हा त्रिकोण एका बंद डबीत ठेवला आहे आणि बाहेर फक्त क, ग, घ ही तीन टोकं काढली आहेत, असं समजा. आपल्याजवळ ओहममीटर आहे. क आणि ग यांच्यामध्ये मोजलं, घ मोकळं सोडलं, तर मीटरला काय दिसेल? एक वाट थेट २० ओहमची आणि दुसरी घ वरून वळसा घालणारी, ३० अधिक ५० म्हणजे ८० ओहमची. समांतर जोडणीचा रोध १६ ओहम. तसंच क आणि घ मध्ये ३० ला ७० समांतर, म्हणजे २१ ओहम. ग आणि घ मध्ये ५० ला ५० समांतर, म्हणजे २५ ओहम.

डबीचा बाहेरून लागणारा पत्ता एवढाच: १६, २१, २५. रोधांमध्ये प्रवाह विभवांतराच्या सम प्रमाणात असतो, त्यामुळे तीन टोकांच्या जाळ्याचं बाहेरचं सगळं वागणं या तीन आकड्यांत मावतं. दुसऱ्या कुठल्याही जोडणीने हेच तीन आकडे दिले, तर बाहेरच्या परिपथाला दोन डब्यांतला फरक कळणारच नाही.

ती दुसरी जोडणी म्हणजे स्टार. मध्ये एक नवा बिंदू आणि त्यापासून क, ग, घ कडे जाणारे तीन फाटे. इथे हिशेब सोपा होतो, कारण कुठल्याही दोन टोकांमध्ये मोजलं की ते दोन फाटे सरळ एकसर येतात आणि तिसरा लोंबकळत राहतो. म्हणजे क आणि ग चे फाटे मिळून १६ हवेत, क आणि घ चे मिळून २१, ग आणि घ चे मिळून २५. तिन्ही बेरजा एकत्र केल्या की ६२ होतात आणि त्यात प्रत्येक फाटा दोनदा आलेला असतो, म्हणून तीन फाट्यांची मिळून बेरीज ३१. त्यातून २५ वजा केले की क चा फाटा उरतो, ६ ओहमचा. २१ वजा केले की ग चा, १० ओहमचा. १६ वजा केले की घ चा, १५ ओहमचा.

पुस्तकातलं सूत्र याच हिशेबातून निघतं: ज्या कोपऱ्याचा फाटा हवा, त्या कोपऱ्याला लागलेल्या दोन बाजूंचा गुणाकार करायचा आणि तिन्ही बाजूंच्या बेरजेने भागायचं. क ला २० आणि ३० लागलेले, गुणाकार ६००, बेरीज १००, उत्तर ६. सूत्र पाठ करायला हरकत नाही, पण डबी आणि मीटर डोळ्यांसमोर असले की ते विसरलं तरी पाच मिनिटांत पुन्हा उभं करता येतं.

आता पुलात त्रिकोणाच्या जागी हा स्टार बसवा. २०, ३० आणि ५० हे तिन्ही रोध गेले. मधला ५० सुद्धा गेला. तो चुकून आकृतीत तसाच ठेवला की पुढचं सगळं बिघडतं. क पासून ६ ओहम ओलांडले की मध्यबिंदू येतो. तिथून वरची वाट १० अधिक २० म्हणजे ३० ओहम, खालची वाट १५ अधिक ५ म्हणजे २० ओहम. दोन्ही ख पाशी मिळतात, म्हणजे सरळ समांतर. ३० आणि २० समांतर म्हणजे १२, त्यात ६ मिळवले की १८. बॅटरीला हा पूल १८ ओहमचा भासतो.

हे उत्तर तपासायची एक जलद रीत आहे आणि ती परीक्षेत फार कमी जण वापरतात, याचं मला वाईट वाटतं. जाळ्यातला एखादा रोध वाढवला तर परिणामी रोध कधीच कमी होत नाही. मधला रोध अनंत केला, म्हणजे पुसला, तर १८.६७ येतात, हे आधीच पाहिलं. तो शून्य केला, म्हणजे ग आणि घ जाड तारेने जोडले, तर डावीकडे २० आणि ३० समांतर, १२ ओहम; उजवीकडे २० आणि ५ समांतर, ४ ओहम; एकूण १६. मधला रोध काहीही असो, खरं उत्तर १६ आणि १८.६७ यांच्या मध्येच पडलं पाहिजे. १८ तिथे पडतं. कुणी क चा ६ ओहमचा फाटा मिळवायला विसरला तर त्याचं उत्तर १२ येईल आणि चूक लगेच उघडी पडेल.

पण ही चाळणी सगळ्या चुका पकडत नाही. सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे फाट्यांची अदलाबदल: ग ला १५ आणि घ ला १०. मग वरची वाट ३५ आणि खालची १५ होते, समांतर १०.५, अधिक ६ म्हणजे १६.५. हे उत्तर दोन्ही सीमांच्या आत आहे आणि तरी चूक आहे. त्यासाठी दुसरी तपासणी लागते: उजवीकडचा त्रिकोण घेऊन तेच गणित पुन्हा करायचं. ग, घ आणि ख यांमधले रोध ५०, २० आणि ५, बेरीज ७५. ग चा फाटा १३.३३, घ चा ३.३३ आणि ख चा १.३३. आता वरची वाट २० अधिक १३.३३ आणि खालची ३० अधिक ३.३३, दोन्ही ३३.३३. समांतर १६.६७, अधिक १.३३, पुन्हा १८. पूर्ण वेगळ्या आकड्यांतून तेच उत्तर आलं की शंका उरत नाही.

डेल्टा आणि स्टार यांची ही अदलाबदल आर्थर केनेली यांनी १८९९ साली प्रसिद्ध केली. त्यांचा जन्म १८६१ साली मुंबईत कुलाब्याला झाला. पुढे ते अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करत होते. प्रत्यावर्ती प्रवाहाचे हिशेब संमिश्र संख्यांनी करण्याची रीत रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे, आणि तिच्यामुळे हेच सूत्र कॉइल आणि कपॅसिटर असलेल्या परिपथांनाही जसंच्या तसं लागू पडतं.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार-डेल्टा स्टार्टर याच नात्यावर चालतो. तिन्ही बाजू सारख्या असल्या की सूत्र फार सोपं होतं: ३० ओहमच्या तीन बाजूंचा डेल्टा म्हणजे १० ओहमच्या तीन फाट्यांचा स्टार. म्हणजे तीच गुंडाळी डेल्टात जोडली तर लाइनला ती एक तृतीयांश रोधाच्या स्टारसारखी दिसते आणि तिप्पट प्रवाह ओढते. म्हणून सुरुवातीला गुंडाळ्या स्टारमध्ये जोडतात आणि मोटारीने वेग घेतला की डेल्टात. तिथे जोडणी खरोखर बदलते. पुलाच्या गणितात मात्र ती फक्त कागदावर बदलते, आणि हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

कारण स्टारमधला मध्यबिंदू आपल्या पुलात कुठेच नाही आणि त्याच्या फाट्यांतले प्रवाह म्हणजे मूळ रोधांतले प्रवाह नव्हेत. बॅटरी १८ व्होल्टची घेतली तर एकूण प्रवाह १ अँपिअर. स्टारनंतरच्या आकृतीत तो ३० आणि २० च्या वाटांत ०.४ आणि ०.६ असा वाटला जातो. ग-ख आणि घ-ख या रोधांना आपण हात लावला नव्हता, म्हणून त्यांच्यातले हे प्रवाह खरे आहेत. त्यांवरून ग चं विभव ८ व्होल्ट आणि घ चं ३ व्होल्ट मिळतं. आता स्टार पुसून मूळ त्रिकोणात परत यायचं. क-ग मध्ये १० व्होल्ट २० ओहमवर, ०.५ अँपिअर. क-घ मध्ये १५ व्होल्ट ३० ओहमवर, तेही ०.५. मधल्या ५० ओहमवर ५ व्होल्ट, म्हणजे ग कडून घ कडे ०.१ अँपिअर. ग पाशी ०.५ आले, ०.१ खाली गेले, ०.४ पुढे गेले, हिशेब जुळतो.

ही युक्ती तीन टोकांपाशी इतकी नेमकी बसते, कारण त्रिकोणाला तीन बाजू असतात आणि स्टारला तीन फाटे. चार टोकांच्या स्टारला फाटे चार, पण चार बिंदू एकमेकांना जोडणाऱ्या बाजू सहा. त्यामुळे चार फाट्यांच्या स्टारचं सहा बाजूंच्या जाळ्यात रूपांतर नेहमी करता येतं, पण सहा बाजूंच्या कुठल्याही जाळ्याचा स्टार करता येत नाही. सहा मोजमापं चार आकड्यांत मावत नाहीत. मोठ्या जाळ्यात म्हणूनच एकेक त्रिकोण शोधत जावं लागतं, आणि त्रिकोण फार झाले की ही रीत सोडून प्रत्येक बिंदूचं विभव अज्ञात धरून किरखॉफची समीकरणं मांडणं सोयीचं पडतं.