बंद कधी, काय, आणि पुन्हा सुरू कधी?

मे 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने एक छोटी सूचना काढली. 22 मे रोजी दिवसाचे कामकाज आटोपल्यावर एनईएफटी प्रणालीत तांत्रिक सुधारणा होणार आहे, त्यामुळे रविवार, 23 मे रोजी 00:01 ते 14:00 या वेळेत एनईएफटी बंद राहील, आरटीजीएस मात्र नेहमीप्रमाणे चालू असेल, एवढाच तिचा गाभा. तरीही ती वाचून दुकानदारापासून कंपनीच्या हिशेबनिसापर्यंत कोणालाही ठरवता येत होते, की पैसे शनिवारीच पाठवायचे, रविवारी दुपारनंतर पाठवायचे की दुसऱ्या मार्गाने.

याउलट अनेक अॅपवर दिसणारी सूचना अशी असते: ‘सर्व्हर देखभालीच्या कामामुळे आज रात्री सेवा काही काळ विस्कळीत राहण्याची शक्यता आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ हे वाचून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही. सॉफ्टवेअरची देखभाल टाळता येत नाही. टाळता येतो तो ग्राहकाचा खोळंबा, आणि त्यासाठी सूचनेत तीन गोष्टी नेमक्या लागतात.

पहिली गोष्ट वेळ. ‘शनिवारी रात्री 12 वाजता’ म्हणजे शुक्रवार संपतानाचे बारा की शनिवार संपतानाचे? निम्मे लोक एक धरतील, निम्मे दुसरे. रिझर्व्ह बँकेने 00:01 लिहिले, त्यामुळे वार आणि तारखेचा घोळच उरला नाही. या वेळेमागे आणखी एक कारण दिसते. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटाने, दिवसात 48 वेळा मिटवले जातात आणि शेवटचा गट मध्यरात्री संपतो. काम त्यानंतर सुरू केले, की कोणाचे पैसे अर्ध्यावर अडकत नाहीत. ग्राहक परदेशातही असतील तर ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे शब्द हवेतच. आपल्याकडे रविवारी पहाटेचा एक वाजतो, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात शनिवारचे दुपारचे साडेतीन झालेले असतात. आपली झोपेची वेळ ही तिथल्यांची ऐन कामाची वेळ असते.

दुसरी गोष्ट, नेमके काय बंद राहणार. इथे सूचना लिहिणारे तंत्रज्ञ आपल्या भाषेत बोलतात. कोणता डेटाबेस हलवला जातोय याच्याशी खातेदाराला देणेघेणे नसते. त्याला विचारायचे असते, की शिल्लक दिसेल का, एटीएम चालेल का, कोणी पाठवलेले पैसे खात्यात येतील का. या सगळ्यांची उत्तरे सारखी असतीलच असेही नाही. एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 रोजी आपली मुख्य प्रणाली नव्या व्यासपीठावर हलवली, तेव्हा जाहीर केलेला एकूण काळ पहाटे 3 ते दुपारी 4:30 असा होता. यूपीआय मात्र त्यात फक्त दोनदा बंद राहणार होते, पहाटे 3 ते 3:45 आणि सकाळी 9:30 ते दुपारी 12:45. हे वेगळे सांगितल्यामुळे सकाळी आठ वाजता चहावाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करता येईल, हे आधीच कळले. काय चालू राहील हेही लिहावे लागते, नाहीतर लोक सगळेच बंद आहे असे समजतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: सेवा पुन्हा कधी सुरू होणार? ही वेळ कशी काढतात ते एका काल्पनिक सहकारी बँकेच्या उदाहरणाने पाहू. तिला आपल्या मोबाइल अॅपचा डेटा नव्या सर्व्हरवर न्यायचा आहे. तंत्रज्ञांनी आधी डेटाच्या प्रतीवर रंगीत तालीम केली. सेवा थांबवून शेवटचा बॅकअप घ्यायला अर्धा तास, डेटा हलवायला दीड तास आणि तपासणीला पाऊण तास लागला. पहाटे 1 वाजता सुरुवात केली, तर 3:45 ला काम संपते. म्हणून ‘3:45 ला सेवा सुरू’ असे जाहीर करायचा मोह होतो, आणि चूक तिथेच होते.

कारण तपासणीत शिलकेचा मेळ बसला नाही, तर जुन्या सर्व्हरवर परत फिरावे लागेल. तालमीत या परतीला सव्वा तास लागला होता. म्हणजे 3:45 ला बिघाड सापडला, तर जुनी सेवा सुरू व्हायला 5 वाजतील. त्यात अर्धा तास हाताशी ठेवला, की 5:30 ही जाहीर करण्याजोगी वेळ मिळते. तिच्यातून आतल्या मंडळींसाठी एक पक्की मर्यादाही निघते: 5:30 मधून परतीचा सव्वा तास वजा केला, की 4:15. त्या क्षणाला नवी प्रणाली तपासणीत उतरली नसेल, तर ‘आणखी दहा मिनिटे बघू’ न म्हणता माघारी फिरायचे. ग्राहकाला दिलेला शब्द नव्या प्रणालीचा नसतो. नवी असो वा जुनी, 5:30 ला सेवा चालू असेल, एवढाच तो असतो.

सेवा सुरू झाली म्हणजे लगेच सगळे सुरळीत होते असेही नाही. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असेल, तर महापालिकेच्या सूचनेत ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य असते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. तुंबलेले व्यवहार आणि एसएमएस पुढे सरकायला वेळ लागतो. हे आधी सांगितले नाही, तर पैसे गेले नाहीत असे वाटून माणूस तेच पैसे दुसऱ्यांदा पाठवतो.

आता या बँकेची सूचना अशी होईल:

‘रविवार, 14 जून 2026 रोजी पहाटे 1:00 ते 5:30 (भारतीय प्रमाणवेळ) मोबाइल अॅप आणि यूपीआय बंद राहतील. या वेळेत यूपीआयने पैसे पाठवता येणार नाहीत आणि खात्यात येणारही नाहीत. एटीएम आणि कार्डाने खरेदी चालू राहील. सेवा 5:30 पर्यंत सुरू होईल. एसएमएस सकाळी 7 पर्यंत उशिरा येऊ शकतात, त्यामुळे तोच व्यवहार पुन्हा करण्याआधी शिल्लक तपासा.’

‘येणारही नाहीत’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दादरच्या फूलबाजारात पहाटेच उलाढाल सुरू होते. त्या विक्रेत्याचे खाते या बँकेत असेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेचे असले तरी त्याचे पैसे येणार नाहीत. हे आठवडाभर आधी कळले तर तो रोख सुट्ट्यांची सोय करील. आदल्या दिवशी पुन्हा आठवण दिली तर विसरणार नाही.

इतके करूनही उशीर होऊ शकतो. परतीच्या वाटेतच अडचण आली, तर 5:30 उलटून जाण्याची वाट न पाहता 5 वाजताच नवी वेळ कळवावी. ती नक्की सांगता येत नसेल, तर ‘पुढची माहिती 6 वाजता देऊ’ असे कळवावे आणि 6 वाजता खरोखर द्यावी. काम संपल्यावर ‘सेवा सुरू झाली’ हा निरोपही तितकाच आवश्यक आहे.

आपल्या बँकेची, शाळेची किंवा सोसायटीच्या अॅपची अशी सूचना आली, की त्यात या तीन गोष्टी आहेत का ते पाहा. नसतील तर लेखी विचारा. उत्तर देणे हे सेवा देणाऱ्याचे कामच आहे.