दहा दिवस घर रिकामं, मग भाडं किती?

खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल उतरली की वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करावं लागतं. जुन्या फरशा फोडायच्या, कोब्यावर रसायनाचे थर द्यायचे, ते वाळू द्यायचे आणि मग पाणी साठवून किमान चोवीस तास गळती तपासायची. ही चाचणी टाळली, तर नव्या फरशा पुन्हा फोडण्याची वेळ येते. घरात एकच बाथरूम असेल, तर भाडेकरूला तिथं राहणं अशक्यच.

म्हणून घरमालकाने तोंडी न सांगता लेखी नोटीस द्यावी. तिच्यात काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, सामान कुठे राहील, किल्ली कोणाकडे असेल आणि भाड्यातली वजावट लिहावी.

समजा, भाडं २४,००० रुपये आहे. तीस दिवसांच्या महिन्यात रोजचे ८०० होतात. दहा दिवस घर सोडलं, तर ८,००० वजा करून १६,००० द्यायचे. काम लांबलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचेही ८०० वजा होतील, हे वाक्य नोटिशीत हवंच. भाडेकरूने परस्पर भाडं कापू नये. आधी दोघांनी सही करावी.