सहाशे ग्रॅम पांढरी भुकटी

पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या एक लाख गोळ्यांची बॅच घ्या. औषध ५० किलो, स्टार्च वगैरे धरून एकूण मिश्रण ६० किलो. त्यात मॅग्नेशियम स्टिअरेट जेमतेम ६०० ग्रॅम. ही गुळगुळीत भुकटी नसेल तर गोळी साच्याला चिकटते.

समजा, या भुकटीचा पुरवठादार बदलला. नाव तेच, तपासणीचा दाखला ठीक, भाव कमी. छोट्या कारखान्यात खरेदी पाहणारा आणि उत्पादन पाहणारा शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे असा बदल तोंडीच होऊन जातो.

पण नवे कण जास्त बारीक असले, तर तेवढ्याच वजनाची भुकटी दाण्यांवर अधिक पसरते आणि हा मेणचट थर पाण्याला अडवतो. भारतीय औषधकोशाप्रमाणे साधी, आवरण नसलेली गोळी १५ मिनिटांत फुटली पाहिजे. आठ मिनिटांत फुटणारी आता सतरा मिनिटे घेते. दिसायला मात्र ती तशीच.

कारण शोधायचे ते बॅच रेकॉर्डमध्ये. प्रत्येक घटकाचा लॉट क्रमांक, वजन करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही, ब्लेंडर सुरू-बंद झाल्याची वेळ, हे सारे काम होता होता लिहिलेले हवे. संध्याकाळी आठवून भरलेले रेकॉर्ड ओळखू येते: सगळ्या वेळा पाचाच्या पटीत, अक्षर एका दमात लिहिलेले. शेवटी हिशेबही जुळावा लागतो. ९७,४०० चांगल्या गोळ्या म्हणजे ५८.४४ किलो, नमुने, टाकाऊ गोळ्या आणि गोळा केलेली धूळ मिळून १.३ किलो. उरलेले २६० ग्रॅम कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेत बसतात का, ते पाहायचे.

ती धूळ शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या औषधात जाऊ नये, म्हणून गोळ्या दाबण्याच्या खोलीतला हवेचा दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा कमी ठेवतात. दार उघडले की हवा आत येते, भुकटी बाहेर जात नाही. भिंतीवरच्या दाबमापकाची नोंद रोज घ्यायची. काटा शून्याकडे सरकला, तर फिल्टर तुंबला आहे किंवा दार नीट लागत नाही.

डिसेंबर २०२३मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये बदल-नियंत्रणही आहे. माझ्या मते छोट्या कारखान्याने सुरुवात इथूनच करावी, कारण त्याला यंत्र लागत नाही, एक अर्ज लागतो. काय बदलतो आहे, का, आणि कशावर परिणाम होईल, हे खरेदीआधी लिहायचे. गुणवत्ता विभागाची मंजुरी आल्याशिवाय माल वापरायचा नाही. मग चाचणी बॅचमध्ये गोळीची कठीणता, फुटण्याचा वेळ आणि औषध विरघळण्याचा वेग जुन्या बॅचशी ताडून पाहायचा, काही गोळ्या स्थिरता-चाचणीला ठेवायच्या. भुकटी शेवटी पाचऐवजी तीनच मिनिटे मिसळल्यावर गोळी पुन्हा आठ मिनिटांत फुटू लागली, तर मूळ बॅच रेकॉर्डमध्ये ‘३ मिनिटे’ अशी दुरुस्ती होते आणि जुन्या प्रती उत्पादन विभागातून परत घेतल्या जातात.