अधिकाऱ्याचा चारित्र्य दाखला आणि पोलीस पडताळणी : फरक काय, कोठे कोणते लागते?

नवी दिल्ली : सरकारी नोकरीसाठी निवड झाल्यानंतर उमेदवाराकडे जी कागदपत्रे मागितली जातात, त्यांत दोन गोष्टी नेहमी शेजारी शेजारी येतात. पहिली म्हणजे राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेला चारित्र्याचा दाखला आणि दुसरी म्हणजे पोलिसांकडून होणारी चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी. नावे मिळतीजुळती असल्याने एक असले की दुसऱ्याची गरज नाही, असा समज अनेकांचा होतो. प्रत्यक्षात या दोन कागदांचे स्वरूप भिन्न आहे, त्यांचा पुरावा म्हणून उपयोग भिन्न आहे आणि त्यांतील चुकीचे परिणामही भिन्न आहेत.

दाखला ही व्यक्तीची साक्ष

अधिकाऱ्याचा दाखला म्हणजे एका जबाबदार व्यक्तीने आपल्या माहितीच्या आधारे दिलेली लेखी साक्ष होय. केंद्र सरकारच्या नमुन्यातील त्याचा आशय साधा आहे : अमुक व्यक्तीस मी इतकी वर्षे व इतके महिने ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे तिचे चारित्र्य चांगले आहे, सरकारी सेवेस अपात्र ठरविणारे तिचे पूर्वचारित्र्य नाही आणि ती माझी नातेवाईक नाही.

या चार विधानांतच दाखल्याची ताकद व मर्यादा दोन्ही आहेत. दाखला देणारा अधिकारी कोणतीही नोंदवही तपासत नाही, पोलीस ठाण्यात चौकशी करीत नाही. तो फक्त स्वतःच्या परिचयाची ग्वाही देतो. म्हणून परिचयाचा कालावधी रिकामा सोडलेला दाखला निरर्थक ठरतो. काका किंवा मामा राजपत्रित अधिकारी असले तरी त्यांचा दाखला चालत नाही, कारण नातेसंबंध नसल्याचे विधान त्यांना करता येत नाही. स्वाक्षरीखाली अधिकाऱ्याचे पूर्ण नाव, पदनाम, कार्यालय व शिक्का नसल्यास दाखला कोणी दिला हे ठरविता येत नाही आणि तो परत येतो.

प्रमाणपत्रांच्या छायाप्रती साक्षांकित करणे हेही याहून वेगळे काम आहे. प्रत मूळ कागदाशी जुळते, एवढेच तेथे पाहिले जाते. आता बहुतेक ठिकाणी उमेदवाराने स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकारल्या जातात. स्वतःच्या चारित्र्याची ग्वाही मात्र कोणालाही स्वतः देता येत नाही. त्यामुळे ही सवलत चारित्र्य दाखल्यास लागू होत नाही.

पडताळणी ही नोंदींची तपासणी

पोलीस पडताळणीत ओळखीला फारसे स्थान नसते. व्यक्ती सांगितलेल्या पत्त्यावर राहते किंवा राहत होती का आणि तिच्याविरुद्ध पोलिसांकडे काही नोंद आहे का, हे दोन प्रश्न तेथे महत्त्वाचे असतात. नियुक्ती करणारे कार्यालय उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेते आणि त्याआधारे संबंधित जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे विचारणा करते. तेथून प्रकरण स्थानिक ठाण्यात जाते. ठाण्याचा कर्मचारी पत्त्याची खात्री करतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो आणि ठाण्यातील तसेच संगणकीकृत गुन्हे नोंदी पाहतो. त्याचा अहवाल नियुक्ती करणाऱ्या कार्यालयाकडे थेट जातो. तो सहसा उमेदवाराच्या हाती दिला जात नाही.

दाखला उमेदवार स्वतः मिळवून सादर करतो, तर अहवाल त्याच्या पाठीमागून येतो. दाखला देणारा अधिकारी उमेदवार निवडतो, तर तपासणी करणारे ठाणे त्याच्या पत्त्यावरून ठरते.

एक उदाहरण

प्रक्रिया समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सातारा जिल्ह्यातील एका तरुणीने दोन वर्षे पुण्यात शिक्षण घेतले, नंतर दीड वर्ष हैदराबादेत खासगी नोकरी केली आणि आता भोपाळमधील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तिची निवड झाली आहे. महाविद्यालयात असताना एका आंदोलनात तिच्यावर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा नोंदविला गेला होता. दोषारोपपत्र दाखल झाले आणि पुढे न्यायालयाने तिची निर्दोष मुक्तता केली.

भोपाळच्या कार्यालयाने तिच्याकडे राजपत्रित अधिकाऱ्यांचे दोन चारित्र्य दाखले मागितले. तिला शिकविलेल्या शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापक आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्वी असलेले वैद्यकीय अधिकारी तिला अनेक वर्षे ओळखतात. पदे राजपत्रित असल्यास त्यांचे दाखले घेता येतील. हे काम एक-दोन दिवसांचे आहे.

साक्षांकन नमुना भरण्याचे काम अधिक नाजूक आहे. मागील पाच वर्षांत एका ठिकाणी एक वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या सर्व जागांचे पत्ते व कालावधी त्यात विचारले जातात. त्यामुळे साताऱ्याच्या कायम पत्त्याबरोबर पुणे व हैदराबाद येथील पत्तेही द्यावे लागतील आणि विचारणा तिन्ही ठिकाणी जाईल. हैदराबादचा पत्ता लहानसा म्हणून वगळला, तर पडताळणी लवकर होणार नाही. उलट नोकरीच्या अनुभव प्रमाणपत्राशी नमुना जुळणार नाही आणि प्रश्न निर्माण होईल.

त्यानंतरचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. आपणास कधी अटक झाली आहे का, आपल्यावर कधी खटला चालविला गेला आहे का, दंड किंवा शिक्षा झाली आहे का, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न तेथे असतात. मुक्तता झाली म्हणजे काही घडलेच नाही, असे समजून तिने सर्व प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर दिले तर ते चूक ठरेल. खटला कधी चालला का, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ आहे. त्यापुढे गुन्हा क्रमांक, न्यायालयाचे नाव, निकालाची तारीख लिहून निकालाची प्रमाणित प्रत जोडणे हा योग्य मार्ग आहे.

चांगला दाखला खोटे उत्तर झाकत नाही

अशा ठिकाणी दोन उत्तम चारित्र्य दाखले उमेदवाराच्या मदतीस येत नाहीत, हे न्यायालयीन निर्णयांतून स्पष्ट झाले आहे. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये त्याची सेवासमाप्ती वैध ठरविली. फौजदारी प्रकरण प्रलंबित असताना त्याने नमुन्यात नकारार्थी उत्तर दिले होते. प्रश्न इंग्रजीत असल्याने नीट समजला नाही, हे त्याचे स्पष्टीकरण मान्य झाले नाही. ते प्रकरण पुढे मागे घेतले गेले, तरी माहिती दडविण्याचा दोष पुसला गेला नाही.

या विषयावरील वेगवेगळ्या निर्णयांत एकवाक्यता आणण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग प्रकरणात केले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हा पाया न्यायालयाने कायम ठेवला. मात्र तरुण वयातील घोषणाबाजी किंवा किरकोळ अपराध दडविला गेला असेल, तर नियोक्ता स्वविवेकाने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असेही सांगितले. जी माहिती नमुन्यात स्पष्टपणे विचारलेलीच नाही, ती न दिल्याबद्दल उमेदवारास दोषी धरता येत नाही. दुसऱ्या बाजूने, खरे सांगितले म्हणून नियुक्ती देणे नियोक्त्यावर बंधनकारक होत नाही. पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच.

उदाहरणातील तरुणीने खरे उत्तर दिले तर तिच्या प्रकरणाचा विचार गुणदोषांवर होईल. खोटे उत्तर दिले तर मूळ किरकोळ गुन्ह्याऐवजी दडवादडवी हाच मुख्य मुद्दा बनेल.

केंद्राने 2016 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, पडताळणी अहवालाची वाट न पाहता साक्षांकन नमुना व स्वयंघोषणापत्र घेऊन तात्पुरते नियुक्तीपत्र देता येते. त्यामुळे उमेदवार रुजू झाल्यानंतरही अहवाल येऊ शकतो आणि तो प्रतिकूल असल्यास किंवा घोषणा खोटी ठरल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते.

कोठे काय मागितले जाते

चारित्र्य दाखला प्रामुख्याने नियुक्ती, प्रशिक्षण संस्था व काही प्रवेश यांसाठी लागतो. तो कोणाचा हवा हे मात्र सर्वत्र सारखे नसते. सैन्याच्या भरती मेळाव्यांत सरपंच किंवा महानगरपालिकेकडील, छायाचित्र असलेला आणि मागील सहा महिन्यांतील दाखला मागितला जातो, तसेच शाळेच्या मुख्याध्यापकांचा वेगळा दाखला असतो. सरपंच राजपत्रित अधिकारी नसल्याने हाच दाखला केंद्रीय कार्यालयात चालेलच असे नाही. जाहिरातीतील शब्द पाहूनच दाखला घ्यावा लागतो.

पासपोर्टसाठी अधिकाऱ्याचा चारित्र्य दाखला पोलीस पडताळणीची जागा घेत नाही. तेथे नागरिकत्व व फौजदारी प्रकरणे पोलीस पाहतात. परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थायिक होण्यासाठी पासपोर्ट कार्यालय पोलीस निर्वेधता प्रमाणपत्र देते. पर्यटन व्हिसासाठी ते दिले जात नाही. खासगी सुरक्षारक्षकांच्या बाबतीत 2005 च्या कायद्याने चारित्र्य व पूर्वचारित्र्याची खात्री करणे आवश्यक केले आहे. अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश असतात. ते पाळण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि भाडेकरूने आणलेल्या चारित्र्य दाखल्याने ती संपत नाही.

अहवाल चुकला तर

पोलीस नोंदींतही चुका होतात. दोन चुका विशेष आढळतात. एकात नाव व वडिलांचे नाव सारखे असलेल्या दुसऱ्या व्यक्तीची नोंद उमेदवाराच्या नावावर येते. दुसरीत न्यायालयाने मुक्तता केली असली तरी निकालाची नोंद ठाण्यात चढलेली नसते आणि प्रकरण प्रलंबित दिसते. पहिल्या प्रकारात गुन्हा क्रमांक व वर्ष विचारून जन्मतारीख, छायाचित्र व पत्ता यांच्या आधारे फरक दाखवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात निकालाची प्रमाणित प्रत ठाण्यास व नियुक्ती करणाऱ्या कार्यालयास लेखी अर्जासह देऊन पोच घ्यावी. या दोन्ही प्रसंगी आणखी एक चारित्र्य दाखला जोडून काही साधत नाही. नोंदीतील चूक नोंदीच्या पुराव्यानेच दुरुस्त होते.