आगाऊ रक्कम गेली, माल आला नाही : वसुलीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात नव्या इमारतींचे ताबे मिळू लागले की मॉड्युलर किचन, सोफा, कपाटे आणि सरकत्या खिडक्या करून देणाऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात आणि ‘निम्मे पैसे आधी’ या अटीवर व्यवहार ठरतात. रक्कम दिली, माल आला नाही आणि फोन उचलला जाईनासा झाला, तर बहुतेक ग्राहक या सगळ्या प्रकाराला ‘फसवणूक’ हे एकच नाव देतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पैसे घेणाऱ्याचा माल देण्याचा हेतूच नसेल तर ती फसवणूक होय; हेतू असूनही पुढे त्याने काम टाकून दिले असेल तर तो करारभंग होय. वसुलीबाबतचे बहुतेक गैरसमज या दोन्हींची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित व्यवहार घेता येईल. डोंबिवली पूर्वेतील एका कुटुंबाने 1,80,000 रुपयांच्या मॉड्युलर किचनची मागणी नोंदवली. 25,000 रुपयांचे टोकन क्यूआर कोडद्वारे फर्मच्या चालू खात्यात गेले, आणि ‘प्लाय आणि ट्रॉल्या आजच उचलायच्या आहेत’ असे सांगून कंत्राटदाराने निम्म्या रकमेपैकी उरलेले 65,000 रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर मागवले. कंत्राटदाराचा माणूस घरी येऊन मापे घेऊन गेला, चाळीस दिवसांत किचन बसवून देण्याचे कोटेशनवर लिहिलेले होते, आणि ती मुदत उलटून गेली.

पहिला गैरसमज असा की, बँकेला कळवले की पैसे परत मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा त्यासाठी हवाला दिला जातो आणि तीन दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते, असे सांगितले जाते. तथापि ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांपुरते आहे, म्हणजे खातेदाराच्या संमतीशिवाय तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील अशा व्यवहारांपुरते. ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँकेच्या लेखी अधिकृत ठरतात, मग समोरच्याने माल दिलेला असो वा नसो. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. ‘माल मिळाला नाही’ या कारणाने कार्डाच्या व्यवहारावर चार्जबॅक मागता येतो, म्हणजे कार्ड देणारी बँक व्यापाऱ्याच्या बँकेकडून रक्कम परत मागवते. त्यासाठी कार्ड कंपन्यांची मुदत साधारणपणे माल मिळणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून 120 दिवसांची असते, परंतु बँका स्वतः त्याहून लवकर अर्ज मागतात. वरील उदाहरणातले पैसे यूपीआयने गेले आहेत, त्यामुळे कार्डाचे हे दार त्या कुटुंबासाठी उघडे नाही.

दुसरा गैरसमज 1930 या क्रमांकाविषयी आहे. तेथे तक्रार केली की पैसे परत येतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ही यंत्रणा पैसे गोठवते. तक्रारदाराने यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि पैसे घेणाऱ्या खात्याचा तपशील दिल्यावर (हेच काम cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही करता येते) ती माहिती संबंधित बँकेकडे जाते आणि त्या खात्यात त्या क्षणी जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढीच अडवली जाते. व्यावसायिक भामटे दुसऱ्याच्या नावावरच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे काही मिनिटांत पुढे सरकवतात, म्हणून पहिल्या तासाला महत्त्व असते. अडवलेली रक्कमही आपोआप तक्रारदाराकडे येत नाही. रक्कम मोठी असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश सामान्यतः मिळवावा लागतो, आणि त्याच खात्यावर अनेक तक्रारी असतील तर त्या शिल्लकीवर हक्क सांगणारेही अनेक असतात. मुदत उलटल्यावर, म्हणजे पैसे देऊन चाळीस दिवस झाल्यावर केलेल्या तक्रारीतून काही गोठेल, अशी आशा फारशी नसते. तरीही अशी तक्रार अगदीच वाया जात नाही, कारण त्याच खात्यावर इतरांच्या तक्रारी असल्याचे तीतून उघड होऊ शकते आणि तो पुरावा पुढे उपयोगी पडतो.

पोलिसांबाबत दोन परस्परविरोधी समजुती आढळतात. गुन्हा नोंदला की पैसे वसूल होतात, असे काहींना वाटते. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ हे ठाणे अंमलदाराचे वाक्य म्हणजे नेहमीच टाळाटाळ, असे इतरांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे की फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू वचन देतानाच असला पाहिजे, आणि नंतर वचन पाळले गेले नाही एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार करताना ‘माल दिला नाही’ या विधानापेक्षा हेतू दाखवणाऱ्या गोष्टी मोलाच्या ठरतात. दिलेल्या पत्त्यावर दुकानच नसणे, जाहिरातीतली छायाचित्रे दुसऱ्या कोणाच्या कामाची असणे, खातेदाराचे नाव वेगळेच असणे, किंवा जीएसटी क्रमांक खोटा असणे या त्या गोष्टी होत. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीत त्याचे पहिले दोन अंक 27 असतात, त्यापुढची दहा अक्षरे धारकाच्या पॅन क्रमांकाची असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे कोणालाही पाहता येते. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी केली तर अर्थातच अधिक बरे.

विक्रेता सुरतेत किंवा दिल्लीत असला तर तिकडेच तक्रार करावी लागते, हेही खरे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 202 नुसार, संदेश पाठवून केलेल्या फसवणुकीची चौकशी तो संदेश जेथे मिळाला तेथेही होऊ शकते. शिवाय हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करण्याची तरतूद आहे. उदाहरणातल्या कुटुंबाची बाजू मात्र येथे कमकुवत आहे. मापे घेतलेली आहेत, फर्मचे खाते खरे आहे, तेव्हा पोलीस याला करारभंग म्हणतील आणि बहुधा ते चूकही नसेल.

एकाच विक्रेत्याने अनेकांचे पैसे बुडवले की ठेवीदारांच्या कायद्याची, म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, 1999 (एमपीआयडी) याची आठवण निघते. डोंबिवलीकरांना तो ऑक्टोबर 2019 पासून चांगलाच परिचित आहे. दरमहा हप्ते घेऊन मुदतीअखेर सोने किंवा रोख देण्याच्या योजना चालवणाऱ्या गुडविन ज्वेलर्सची दुकाने ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झाली, डोंबिवलीत गुन्हा नोंदला गेला आणि तपास ठाणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने केला. दागिन्यांसाठी आधी दिलेले पैसेच ते, मग किचनच्या आगाऊ रकमेलाही हाच कायदा लागू व्हावा, असा तर्क केला जातो. परंतु मालाच्या किंवा सेवेच्या मागणीपोटी धंद्याच्या नेहमीच्या ओघात घेतलेली आगाऊ रक्कम या अधिनियमातील ‘ठेव’ या व्याख्येतून वगळलेली आहे. मुदतीनंतर पैसे किंवा वस्तू परत करण्याची योजना आणि एका मागणीचा ॲडव्हान्स यांत फरक केला जातो तो येथे. जेथे हा कायदा लागू होतो तेथेही मालमत्ता जप्त होऊन विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिचे वाटप होते, आणि त्यात वर्षे जातात.

करारभंगाच्या बाजूला वळल्यावर चित्र बदलते, कारण येथे समोरचा माणूस सापडतो. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ हे वाक्य वाचून पुष्कळ जण माघार घेतात. ती माघार अनाठायी आहे. आगाऊ रक्कम जप्त करण्याचा हक्क, तो असलाच तर, ग्राहकाने करार मोडल्यावर उद्भवतो. विक्रेत्याने स्वतःच माल न दिल्यास अशा अटीचा आधार त्याला मिळत नाही, आणि मालविक्री अधिनियमाचे कलम 61 मोबदला न मिळाल्यास दिलेले पैसे व्याजासह मागण्याचा हक्क राखून ठेवते. प्रथम पंधरा दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवावी आणि तीत दोन्ही व्यवहारांचे क्रमांक नमूद करावेत. 65,000 रुपये ज्या व्यक्तीच्या खात्यात गेले तिलाही नोटीस द्यावी, म्हणजे पुढे ‘ते पैसे फर्मला मिळालेच नाहीत’ हा बचाव अवघड होतो.

ग्राहक आयोग मोठ्या कंपन्यांविरुद्धच असतो, त्यासाठी वकील लागतोच, आणि विक्रेत्याच्या गावी जावे लागते, या तिन्ही समजुती 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमापुढे टिकत नाहीत. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाला, म्हणजे डोंबिवलीकराच्या बाबतीत ठाणे जिल्ह्याच्या आयोगाला, तक्रार ऐकता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून स्वतः दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पुन्हापुन्हा नोटिसा पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. दुकानासाठी किंवा कार्यालयासाठी फर्निचर मागवले असेल तर ‘व्यापारी हेतू’ हा आक्षेप येऊ शकतो आणि तशा वेळी दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. आयोगाची खरी मर्यादा वेगळीच आहे. नोटीस बजावण्यासाठी त्याला पत्ता लागतो, आणि फक्त इन्स्टाग्रामवरचे नाव व मोबाइल क्रमांक एवढ्यावर विक्रेता शोधून काढणे हे आयोगाचे काम नव्हे. निकाल लागल्यावरही पैसे न दिल्यास कलम 71 खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी आणि कलम 72 खाली कैद किंवा दंड यांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कायद्यात लिहिलेल्या काही महिन्यांत प्रकरण निकाली निघेल असा हिशेब करू नये.

या दिरंगाईमुळेच तडजोडीला किंमत आहे, मात्र ती कागदावर हवी. नोटीस मिळाल्यावर ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडून रक्कम देय असल्याचे लिहून घेऊन पुढील तारखांचे धनादेश घ्यावेत. धनादेश वटला नाही तर, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार, असा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 चा मार्ग खुला होतो; तक्रार चालते ती धनादेश घेणाऱ्याच्या बँकशाखेच्या हद्दीतील न्यायालयात, म्हणजे खाते डोंबिवलीच्या शाखेत असेल तर कल्याणला. पोलीस ज्याला दिवाणी म्हणत होते तेच देणे अशा रीतीने फौजदारी जबाबदारीच्या कक्षेत येते. विधी सेवा समितीकडे दाव्यापूर्वीचा अर्ज करून लोकन्यायालयात तडजोड नोंदवली तर तो निवाडाही हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो.

या काळात ‘सायबर विभागातून बोलतो, रक्कम मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येण्याचा संभव असतो. 1930 किंवा पोलीस पैसे परत करण्यासाठी शुल्क घेत नाहीत. उदाहरणातल्या कुटुंबापुरते बोलायचे तर फर्मचा पत्ता खरा आणि गाळा अजून चालू असेल तर 90,000 रुपयांतील बराचसा भाग धनादेशांच्या हप्त्यांनी परत येण्यास वाव आहे; गाळा भाड्याचा असून रिकामा झाला असेल, तर आयोगाचा निकाल अनुकूल लागला तरी जप्त करण्याजोगे काय उरले आहे हे आधी शोधावे लागते.