पाठ कोणी निवडायचा?

२३ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी अंथुर्ण्याच्या आमच्या मंडळीत वाचनक्रमाचा एक पूर्ण फेरा संपला. २७ नोव्हेंबर २०२२ ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तो सुरू केला होता. पंचांनी तेव्हा एवढेच ठरवले होते, की तीन वर्षे हे करून पाहू आणि मग बोलू. त्या बोलण्यासाठी मी माझ्या वह्या काढून बसलो. हा मागोवा त्यांतूनच निघाला.

आमची मंडळी वीसेक घरांची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, त्या दिवशी प्रभुभोजन होते. उरलेल्या रविवारी आम्ही चौघे आळीपाळीने उपदेश करतो. २०२२ पूर्वी ज्याची पाळी त्याने विषय निवडायचा, अशी पद्धत होती. विश्वास, क्षमा, व्यसन, आजारपण, दशांश. जुन्या वहीत माझेच उपदेश पाहिले तर योहान, रोमकरांस पत्र आणि पाचसहा स्तोत्रे यांपलीकडे मी क्वचितच गेलो होतो. दुसऱ्या एका भावांचे अर्धे उपदेश प्रकटीकरणावर. शास्त्राची सहासष्ट पुस्तके, पण मंडळीच्या कानावर पडत होती ती आम्हा चौघांच्या आवडीची.

तरीही पद्धत बदलायला हे कारण पुरले नसते. कारण वेगळे घडले. आमच्यातल्या दोन घरांत बांधावरून वाद चालला होता. एका रविवारी क्षमेवर उपदेश झाला. उपदेश चांगला होता आणि करणाऱ्याच्या मनात काही नव्हते, असे तो आजही सांगतो. पण क्षमा हा शब्द निघाला तशा सगळ्या माना त्या दोनांपैकी एकाच घराकडे वळल्या, आणि ते घर पुढचे दोन महिने उपासनेला आले नाही. पुण्यातल्या मोठ्या चर्चमध्ये क्षमेवर बोलले तर ते सगळ्यांसाठी असते. वीस घरांत ते कोणासाठी होते, हे प्रत्येकाला ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे वाटते. विषयानुसार उपदेशाची लहान मंडळीतली खरी अडचण मला इथे कळली. उपदेशकाने काय सांगितले यापेक्षा त्याने हेच का निवडले, यावर लोक जास्त विचार करतात.

नेमलेल्या पाठांना पहिला विरोधही घरचाच होता. आमच्यातली काही घरे अहमदनगरकडून कारखान्यांच्या कामासाठी इकडे आलेली, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची. त्या परंपरेत उपदेशक प्रार्थना करून वचन निवडतो, छापील तक्त्यावरून नव्हे. काही घरे अँग्लिकन वळणाची. त्यांच्या १६६२ च्या प्रार्थना पुस्तकात प्रत्येक रविवारचे पत्र आणि शुभवर्तमान नेमलेले, आणि दरवर्षी तेच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छपराखाली आले, पण सवयी घराघरांत राहिल्या. एक आजोबा म्हणाले, “आत्मा काय तक्ता बघून बोलतो का?” दुसरे म्हणाले, “आणि तुमच्या मनात येतं ते सगळं आत्म्याचंच असतं का?” दोघांचेही म्हणणे मला आजवर टाकता आलेले नाही.

आम्ही घेतला तो १९९२ चा सुधारित सामायिक वाचनक्रम. एकाच वर्षाचा जुना क्रम घेतला असता तर तेच थोडे उतारे वर्षानुवर्षे फिरत राहिले असते आणि बाकीचे शास्त्र तसेच मिटलेले. या क्रमात तीन वर्षे आहेत. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत सणांच्या काळात वाटून दिलेला. बहुतेक रविवारी जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र, एक पत्र आणि एक शुभवर्तमान असे चार पाठ. पन्नासाव्या दिवसानंतरच्या रविवारी जुन्या करारासाठी दोन वाटा दिल्या आहेत: शुभवर्तमानाशी जुळणारा उतारा, नाहीतर एकेका पुस्तकातून पुढेपुढे सरकणारा. आम्ही दुसरी वाट घेतली.

फायदा दिसायला दीड वर्ष लागले. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेचे मतदान होते. आमचा इंदापूर तालुका त्याच मतदारसंघात. त्या निवडणुकीने इथल्या घराघरांत काय केले ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याही बाकांवर दोन बाजू होत्या. आधीचा रविवार ५ मे. नेमलेला पाठ निघाला योहान १५, ९ ते १७: एकमेकांवर प्रीती करा. त्या दिवशी पाळी माझी होती. हा पाठ मी निवडला असता तर निम्म्या लोकांनी माझे मत शोधले असते. दोन महिने आधीच तक्ता भिंतीवर लागलेला होता, म्हणून मला त्या वचनावर सरळ बोलता आले, आणि लोकांना ते सरळ ऐकता आले.

पण त्याच वर्षी या क्रमातले खड्डेही दिसले. २८ जुलै ते २५ ऑगस्ट २०२४, सलग पाच रविवार, शुभवर्तमान योहानाच्या सहाव्या अध्यायातले. आम्ही चौघांनी एकमेकांशी न बोलता तयारी केली आणि तीन रविवार भाकरीवर जवळपास तोच उपदेश झाला. चौथ्या आठवड्यात एका मावशींना विचारले, मागच्या रविवारी काय ऐकले? त्या म्हणाल्या, “भाकरीच. त्याच्या मागच्याला बी भाकरीच.” तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला चौघांनी बसायचे आणि कोण कोणता पाठ धरणार ते ठरवायचे, असा नेम केला. मागच्या रविवारचे विचारणेही चालू ठेवले. लोकांना काहीच आठवेनासे झाले, किंवा सगळ्या रविवारचे एकच आठवू लागले, तर क्रम नुसता ओढला जातोय असे समजायचे.

दुसरी चूक चारही पाठ वाचण्याची. चार जण उठून वाचायचे, प्रस्तावना एकालाही नाही, आणि उपदेश सुरू होईपर्यंत लोक थकलेले. आता दोनच वाचतो. वाचण्याआधी दोन वाक्यांत मागची गोष्ट सांगतो, कारण ऊसतोडणीच्या दिवसांत दर रविवारी येणे सगळ्यांना जमत नाही. पुढेपुढे सरकणारे पुस्तक ज्याने तीनपैकी एकच रविवार ऐकले, त्याच्या हाती मधलाच तुकडा लागतो.

सगळ्यात मोठी गोष्ट सप्टेंबर २०२४ ची. १ सप्टेंबरपासून पत्रांच्या जागी याकोब सुरू झाला, पाच रविवारांसाठी. पाळी लावताना माझ्या लक्षात आले की २२ तारखेचा पाठ चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो आणि २९ ला एकदम पाचव्याच्या तेराव्या वचनापासून, आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेपासून, सुरू होतो. मधे पाचव्या अध्यायाची पहिली सहा वचने आहेत. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, हे सांगणारी. तीनही वर्षांचे तक्ते मी रविवार रविवार करून चाळले. सातव्या वचनापासूनचा धीर धरण्याचा भाग आगमनकाळात एकदा येतो. ही सहा वचने कुठेही नाहीत. रोमन कॅथलिक वाचनक्रमात मात्र ती आहेत, आणि तीही नेमकी त्याच २९ सप्टेंबरच्या रविवारी.

हा तक्ता उत्तर अमेरिकेतल्या चर्चेसच्या प्रतिनिधींनी कॅथलिक क्रमावरूनच तयार केला. ही वचने का गळली याचा तर्क मी करत नाही. पण उपदेशकाच्या हातून निवड काढली म्हणजे निवडच संपली, असे मी दोन वर्षे समजत होतो. ते खरे नव्हते. निवड फक्त लांबच्या, अनोळखी माणसांच्या हाती गेली होती. आणि गळले होते ते आमच्या गावच्या कामाचे. छत्रपती साखर कारखाना आमच्या जवळच. मंडळीत उसाचे मालक आहेत, मुकादमाकडून उचल घेतलेलेही आहेत.

विषय म्हणून ती वचने घेतली असती तर पुन्हा बांधाच्या उपदेशासारखेच झाले असते. म्हणून आम्ही एक जुनी वाट धरली. १ जानेवारी १५१९ ला झ्युरिकमध्ये झ्विंग्लीने नेमलेले पाठ बाजूला ठेवून मत्तय पहिल्यापासून ओळीने सांगायला घेतला होता. याकोबाच्या पत्रात १०८ वचने आहेत, मोठ्याने वाचायला वीस मिनिटेही लागत नाहीत. आम्ही त्यातले काही वगळायचे नाही असे ठरवले आणि एक रविवार वाढवला. २९ सप्टेंबरला पाचव्याची १ ते १२, ६ ऑक्टोबरला उरलेली. पहिल्या अध्यायापासून ओळीने येत असल्यामुळे हे माझ्यासाठी काढले असे कोणाला म्हणता आले नाही, ना मालकाला, ना मजुराला. उपासनेनंतर आयुष्यभर कोयता चालवलेल्या एक आजी पुढे आल्या. “हे पुस्तकात हाय? मग आजवर वाचलं का न्हाई?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना तो भाग पुन्हा वाचून दाखवला.

त्यानंतर आम्ही तक्त्यासमोर शास्त्र उघडून बसू लागलो. वगळलेली वचने पेन्सिलीने मांडायची आणि त्यांत काय आहे ते पाहायचे. याचा उपयोग २८ सप्टेंबर २०२५ ला झाला. त्या महिन्यात सोलापूर, धाराशिव, बीडकडे पावसाने हाहाकार केला होता. आमच्यातल्या काहींच्या नातेवाइकांची जमीन मातीसकट खरडून गेली होती. पाळी असलेल्या भावांचा विचार होता की नेमलेला पाठ सोडावा आणि नोहाचा पूर किंवा ईयोब घ्यावा. तक्ता पाहिला तर यिर्मया ३२ निघाला. यरुशलेमला वेढा पडलेला, यिर्मया अटकेत, आणि अशा वेळी तो चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदार, खरेदीखत, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. तक्ता तिसऱ्या वचनाच्या मध्येच थांबून सहाव्यावर उडी घेतो, आणि यिर्मया अटकेत का आहे तेच त्यात गळते. त्याने राजाच्या पराभवाचे भाकीत केले होते. तेवढे भरून काढून आम्ही १ ते १५ सलग वाचले. खरेदीखत, साक्षीदार, बुडीत जमीन हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. नोहा घेतला असता तर उपदेश पापाच्या शिक्षेकडे गेला असता आणि शेत गेलेल्यांच्या पदरी आणखी एक दोष पडला असता. दुःखाच्या वेळी पहिला सुचलेला विषय बहुधा असाच घसरतो. ते शेत आम्हा चौघांपैकी कोणालाही सुचले नसते.

तरी सगळे क्रमावर सोडावे असे मी म्हणणार नाही. शनिवारी रात्री मंडळीत मृत्यू झाला तर रविवारी तक्ता बाजूला ठेवावाच लागतो. कापणीच्या सणाचा पाठ आमचा आम्ही घेतो. पंचांपुढे मी मांडले आणि मान्य झाले ते असे: आगमनकाळापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत नेमलेला क्रम. त्यानंतरच्या महिन्यांत एक पुस्तक ओळीने, काही न गाळता. विषयाचे रविवार वर्षात चार, आणि ते विषय उपदेशकाने नव्हे, तर महिला मंडळ, तरुण आणि पंच यांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायचे, म्हणजे ऐन भांडणात विषय निघणार नाही. या वर्षीच्या चारांपैकी महिला मंडळाने मागितलेला पहिला विषय कर्ज हा आहे.

३० नोव्हेंबरला पुन्हा पहिले वर्ष लागले आणि पुन्हा यशया २, तलवारी ठोकून नांगराचे फाळ करण्याचा पाठ. २०२२ च्या वहीत त्या दिवशीच्या उपदेशकाचे नाव आहे, माझे. या खेपेला मी तो घेतला नाही. बांधावरून ज्यांचे भांडण होते त्यांतल्या एका घरच्या धाकट्या भावाने तो वाचला, आणि उपदेश दुसऱ्याने केला.