शुल्क भरले, जोडणी राहिली

आधार जोडण्याची ३० जून २०२३ ची मुदत हुकली आणि आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांचे पॅन दुसऱ्याच दिवशी निष्क्रिय ठरले. विवरणपत्र स्वीकारले गेले. परतावा मात्र अडला. त्यांनी १,००० रुपये विलंबशुल्क भरले व ते निश्चिंत झाले. गफलत होते ती येथेच. शुल्क भरणे म्हणजे जोडणी नव्हे. भरणा नोंदला गेल्यावर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर जोडणीची विनंती निराळी करावी लागते. तीही प्रथम फेटाळली गेली, कारण आधारवरील जन्मतारीख पॅनशी जुळेना. (दोन जन्मतारखा आपल्याकडे नवलाच्या नव्हेत!) ती दुरुस्त होताच जोडणी झाली आणि ३० दिवसांच्या आत पॅन सक्रिय झाले. परतावा आला, निष्क्रिय काळाचे व्याज मात्र नियमानेच गेले.